आईची व्हॉइस नोट ते मिस्त्रीचा कागद : साखर पेठेतल्या घराच्या ओलीच्या कामाच्या नोंदी

६ एप्रिल

आईच्या साखर पेठेतल्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली आहे. मी जुळे सोलापुरात राहते, नोकरी करते, मिस्त्री येईल तेव्हा तिथे असेनच असं नाही. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे गच्चीवर चढून मिस्त्रीला दाखवणं तिला जमत नाही. म्हणून ठरलं की आईने काय काय झालंय ते बोलून पाठवायचं आणि मी ते मिस्त्रीसाठी नीट लिहून काढायचं.

आज चार व्हॉइस नोट आल्या, मिळून साडेअकरा मिनिटांच्या. एका फोनवर त्या लावल्या, दुसऱ्या फोनच्या कीबोर्डवरचा माईक दाबून समोर धरला. मजकूर उमटला, पण त्यात ना पूर्णविराम, ना स्वल्पविराम. मधलाच एक तुकडा जसाच्या तसा देते, कारण पुढचा सगळा घोळ याच ओळींमधून झाला :

"हां ऐक मिस्त्रीला सांग त्या कोपऱ्यात परत ओळ आलीय मागच्या वेळेला आली होती तिथं नाही त्याच्या जरा खाली फडताळाच्या वर पापड सुटलेत सगळे आणि काल काकू आल्या होत्या त्यांना चहा करायला गेले तर डब्यावर पडलं की पाणी येऊन गेलं परवा म्हणून सगळं भरून ठेवलं होतं तेवढ्यात मोरे तुंबली ते पण सांग नाही नाही मोरीचं राहू दे ते मी बघते आणि वरती माळवदावर कपड्याला चीर पडलीय दीड हाताची दादा म्हणत होता टाकीचा पाइप पाऊस इंची आहे तो कोबी सगळा काढूनच टाक म्हणावं"

लावून घ्यायला आणि उमटलेलं एकदा वाचायला दोन तास गेले.

७ एप्रिल

आधी शब्द दुरुस्त केले. 'ओळ' म्हणजे ओल, 'पापड' म्हणजे पोपडे, 'मोरे' म्हणजे मोरी, 'कपड्याला' म्हणजे कठड्याला, 'कोबी' म्हणजे गच्चीवरचा कोबा. हे सोपं होतं, कारण चुकलेला शब्द तिथे बसतच नाही आणि लगेच दिसतो.

अवघड जातात ती मापं. 'पाऊस इंची' हे पाऊण इंची आहे हे कळलं, कारण पावसाला इंची पाइप नसतो. पण दुसऱ्या नोटमध्ये एके ठिकाणी 'अडीच' उमटलं होतं आणि ऐकल्यावर ते 'दीड' निघालं. दोन्ही शब्द वाक्यात सारखेच शोभतात, नुसतं वाचून चूक सापडणार नाही. तेव्हा पाव, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच असं काही दिसलं की तेवढा तुकडा पुन्हा कानाने ऐकायचा, असं ठरवून टाकलं. हाताच्या मापाचंही तसंच. आईचा 'हात' म्हणजे साधारण दीड फूट, म्हणून दीड हाताची चीर सव्वादोन फुटांची. मिस्त्रीला फुटात आणि इंचातच लिहायला हवं.

मग गप्पा वेगळ्या काढल्या. काकू, चहा, भरून ठेवलेली भांडी, मागच्या मिस्त्रीची तक्रार हे सगळं पुसलं. मोरीचंही पुसलं, कारण आईने स्वतःच "राहू दे" म्हटलं होतं. बोलणारा माणूस मागे फिरला असेल तर त्याचा शेवटचा शब्द धरायचा. हे मी बरोबर केलं. बाकीचं पुसलं ही चूक होती, ते पुढे येईलच.

मिस्त्रीला पाठवलेला पहिला मजकूर असा होता : "स्वयंपाकघरात फडताळाच्या वरच्या भिंतीला ओल, पोपडे सुटले आहेत. पाऊस झाल्यावर डब्यावर पाणी पडले. गच्चीच्या कठड्याला सव्वादोन फुटांची चीर आहे. कोबा काढून नवीन करणे."

त्या आठवड्यात अवकाळीची एक सर येऊन गेली होती. त्यामुळे "पाणी येऊन गेलं परवा" म्हणजे पाऊस, असं मी धरून चालले.

मिस्त्रींनी फोनवर विचारलं, गच्ची किती ब्रास. सुमारे सहा ब्रास, म्हणजे सहाशे चौरस फूट. सगळा कोबा फोडून नवीन करायचा तर साठ हजारांच्या पुढे जाईल म्हणाले. मी म्हटलं, स्वयंपाकघराच्या वरून सुरू करा, बाकीचं बघू.

१० एप्रिल

दुपारी साडेअकराला ऑफिसात मिस्त्रींचा फोन. "ताई, सहा फूट फोडलं बगा. खाली ठणठणीत कोरडं हाय. विटांचे तुकडे हातात घेतले तर धूळ उडायलीय. गळत असतं तर माल काळा पडला असता, हाताला गार लागला असता. फोडू का अजून?"

मी थांबवलं. मिस्त्री आणि बिगारी दोघांचा पूर्ण दिवस धरावा लागला, नऊशे आणि सहाशे मिळून पंधराशे रुपये. शिवाय चांगला असलेला सहा चौरस फूट कोबा विनाकारण फुटला. मिस्त्रींचा यात काही दोष नाही. डब्यावर पाणी पडतं असं लिहून दिल्यावर कोणताही मिस्त्री वरचाच स्लॅब बघणार. उलट थांबून विचारलं हे त्यांचे उपकार.

११ एप्रिल

रात्री जेवणं झाल्यावर कानात इअरफोन घालून तोच तुकडा पाच-सहा वेळा ऐकला.

आई म्हणते : "चहा करायला गेले तर डब्यावर पडलं की." मग अर्धा श्वास थांबते. मग : "पाणी येऊन गेलं परवा, म्हणून सगळं भरून ठेवलं होतं."

हा 'की' आपला सोलापुरी 'की' आहे, "आले की", "दिलं की" मधला, जोर देऊन वाक्य संपवणारा. मी मात्र तो पुढच्या पाण्याला जोडला आणि "पडलं की पाणी" असं वाचलं. डब्यावर पडलं ते प्लास्टर होतं. पाणी पडलेलंच नाही.

आणि "पाणी येऊन गेलं" हा पाऊसही नव्हे. पाऊस असता तर आई "येऊन गेला" म्हणाली असती. "गेलं" म्हटलंय म्हणजे नळाचं पाणी. आमच्या भागात ते पाचव्या दिवशी येतं. परवा म्हणजे ४ तारखेला पाणी आलं, घरातलं सगळं भरून घेतलं, आणि ५ तारखेला प्लास्टर पडलं. एका पूर्णविरामाच्या जागेवरून सहा फूट कोबा फुटला. 'गेलं' आणि 'गेला' यातला फरक माझ्या डोळ्यांसमोर लिहिलेला होता, पण अवकाळी डोक्यात असल्यामुळे तो दिसला नाही.

म्हणून आता दुसऱ्यांदा काम करताना पद्धत बदलली. मूळ मजकुरातलं काहीही पुसायचं नाही. एकेक वाक्य वेगळ्या ओळीवर घेतलं, त्याला नंबर दिला, आणि ऐकत ऐकत विराम घातले. मग तीन खुणा केल्या : जागा सांगणाऱ्या वाक्याला हिरवी रेघ, वेळ सांगणाऱ्याला लाल, 'असं कर' सांगणाऱ्याला निळी. उरलेल्या गप्पांवर पेन्सिलीने बारीक रेघ, म्हणजे हवं तेव्हा वाचता येईल. सगळ्या नोटमध्ये लाल रेघा नऊ निघाल्या, आणि त्यातल्या सात मी पहिल्यांदा गप्पा म्हणून काढून टाकल्या होत्या. आईसारखी माणसं तारीख सांगत नाहीत. "काकू आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी", "गड्ड्याच्या वेळेला", "पाणी सोडलं त्या सकाळी" असंच बोलतात. ओल कधी वाढते हे कळल्याशिवाय ती कुठून येते हे कळत नाही, आणि तो 'कधी' नेमका गप्पांमध्ये असतो.

निळ्या रेघा दोनच होत्या. "कोबा सगळा काढूनच टाक म्हणावं" ही त्यातली एक. ती आईची त्रासून व्यक्त झालेली इच्छा होती, आणि मी ती कामाची सूचना म्हणून उतरवली होती.

१२ एप्रिल

आईला फोन करून फक्त चारच प्रश्न विचारले. ती जास्त प्रश्नांना कंटाळते आणि मग "तुला काय करायचं ते कर" म्हणते.

ओल वाढते ती पाणी आल्यावर का पावसानंतर? आई म्हणाली, "पावसाचं काय नाय. पाणी आलं की दुसऱ्या दिवशी भिंत काळी व्हायलीय." कॅलेंडर बघायला सांगितलं. पाणी आलेल्या तारखेला ती 'पा' लिहून ठेवते. फेब्रुवारीत पोपडे निघाले तेव्हा भिंतीखाली पेपर अंथरला होता, तो दिवसही 'पा'च्या दुसऱ्या दिवशीचा निघाला.

त्या दिवशी वर काय होतं? हौदातून मोटार लावून टाकी भरते. भरली हे कसं कळतं? "वरून आवाज येतो पडल्याचा." किती वेळ पडतं? "आता मी खालची भांडी भरत असते, कधी दहा मिनटं, कधी पंधरा."

चार प्रश्नांना आठ मिनिटं लागली. हा फोन मी ७ तारखेला केला असता तर पंधराशे रुपये वाचले असते.

१४ एप्रिल

आंबेडकर जयंतीची सुट्टी आणि पाण्याचाही दिवस. पहाटेच आईकडे गेले आणि गच्चीवर बसून राहिले.

टाकी कोपऱ्यात आहे, स्वयंपाकघराच्या बरोब्बर वर. टाकी भरताच ओव्हरफ्लोच्या तोंडातून पाणी आलं. तो पाइप जेमतेम एक वीतभर बाहेर आलेला आणि तिथेच संपलेला. पाणी कठड्याच्या बुंध्याशी पडत होतं आणि निम्मं उताराने पन्हाळीकडे जात होतं. उरलेलं कठडा आणि कोबा जिथे मिळतात त्या सांध्यातल्या चिरेत जात होतं, बुडबुडे निघताना दिसत होते. मी टेप लावला, चीर सव्वीस इंच भरली. आईचा दीड हात एका इंचाने चुकला.

दहा मिनिटांनी मोटार बंद केली. खाली स्वयंपाकघरात भिंतीवरच्या जुन्या डागाच्या कडेने खडूची रेघ मारली आणि बाजूला वेळ लिहिली : ७.१०. दहा वाजता डाग रेघेच्या बाहेर बोटभर आला होता. दुपारी एक वाजता चार बोटं.

१५ आणि १६ एप्रिल

चीर हे कारण नक्की, पण स्लॅबही कुठे गळत असेल तर? गच्चीत पाणी साठवून बघतात हे माहीत होतं. सगळ्या गच्चीवर दोन इंच पाणी ठेवायचं तर सहाशे चौरस फुटांना शंभर घनफूट, म्हणजे जवळपास अठ्ठावीसशे लिटर लागतं. पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या घरात हे सांगायचीही सोय नाही. म्हणून मिस्त्रींनी स्वयंपाकघराच्या मधोमध, कठड्यापासून दूर, मालाचा बारीक बांध घालून चार बाय तीन फुटांचं आळं केलं. त्यात एक इंच पाणी म्हणजे अठ्ठावीस लिटर, दोन बादल्या. वर गोणपाट टाकलं, नाहीतर या उन्हात ते आटूनच गेलं असतं.

चोवीस तासांनी खाली छत कोरडं होतं. ही चाचणी तेवढ्याच तुकड्याची आहे, सगळ्या गच्चीची खात्री यातून मिळत नाही. पण पूर्ण कोबा काढायचं कारण उरलं नाही.

१७ एप्रिल

नवीन कागद लिहिला. लिहायच्या आधी एक गोष्ट केली : घरात आणि गच्चीवर कामाच्या जागी खडूने मोठे आकडे काढले, त्यांचे फोटो घेतले. आई "तुळशीकडची भिंत" म्हणते, मिस्त्रींना तुळस कुठे आहे ते ठाऊक नाही. नुसतं "डावीकडे" लिहावं तर तोंड कुठे करून डावीकडे हा प्रश्न उरतो. आकडा असला की बोलायचं कामच नाही.

दुसरं, मिस्त्रींची घरची भाषा कन्नड. मराठी छान बोलतात, वाचायला वेळ लागतो, कागद मुलाकडून वाचून घेतात. म्हणून वाक्यं एकदा ऐकून कळतील एवढीच लांब ठेवली आणि एका वाक्यात एकच काम. मी स्वतः मोठ्याने वाचून पाहिलं. जिथे श्वास तुटला तिथे वाक्य तोडलं.

कागद असा :

"जागा १. गच्ची, टाकीखालचा कोपरा. कठडा आणि कोबा यांच्या सांध्यात २६ इंच चीर आहे. चिरेच्या दोन्ही टोकांना एक-एक फूट वाढवून सांधा उघडा करावा. सैल माल काढून झाडावे आणि भिजवावे. एक सिमेंट, तीन वाळू आणि वॉटरप्रूफिंगचे कंपाउंड घालून सांध्यावर तीन इंचाचा गोल वाटा करावा. कंपाउंडचे प्रमाण डब्यावर लिहिले आहे तेवढेच. याहून जास्त कोबा फोडायचा नाही.

जागा २. टाकीचा ओव्हरफ्लो. हा पाइप कठड्यावरून परसातल्या मोरीपर्यंत न्यावा. पाइप सव्वा इंची घ्यावा, कारण मोटारीचा पाइप पाऊण इंची आहे. खालचे तोंड मोरीच्या सहा इंच वर ठेवावे, पाणी पडताना दिसले पाहिजे. फ्लोट कॉक लावू नये.

जागा ३. स्वयंपाकघर, फडताळाच्या वरची भिंत. ठोकून बघावे. पोकळ आवाज येतो तेवढे प्लास्टर काढावे, साधारण चार बाय अडीच फूट. एक सिमेंट, चार वाळूने प्लास्टर करावे. पुट्टी आणि रंग आत्ता नाही.

जागा ४. १० तारखेला फोडलेला सहा फूट कोबा पूर्ववत करावा. उतार पन्हाळीकडे ठेवावा.

क्रम : आधी २, मग १ आणि ४, शेवटी ३. माल कालवायचे काम सकाळी दहाच्या आत. यात नसलेले काही फोडायचे असेल तर आधी फोन करावा. सिमेंट, वाळू, पाइप आम्ही आणून देऊ."

फ्लोट कॉकबद्दल थोडं सांगते. दादाने तोच लावायला सांगितला होता. पण आमची टाकी मोटारीने भरते. टाकी भरल्यावर कॉक बंद झाला की मोटार बंद पाइपवर दाब देत राहील आणि तापेल. आपोआप बंद होणारं बटण बसवलं तर कॉक चालेल, पण ते वेगळं काम. तूर्त पाणी परसात पडू लागलं की आईला खालूनच दिसेल आणि ती मोटार बंद करेल.

कागद वाचून मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला : "परसातली मोरी म्हणजे भांडी घासायची का न्हाणीची?" आईच्या घरात परसाला दोन मोऱ्या आहेत हे मी विसरले होते. खडूने तिथे २ लिहून घेतलं.

२१ ते २३ एप्रिल

काम तीन दिवस चाललं. पहिल्या दिवशी प्लंबरने पाइप नेला, क्रम कागदाप्रमाणेच. वाट्यावर आणि कोब्याच्या तुकड्यावर गोणपाट टाकून सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं होतं. त्यासाठी १९ तारखेच्या पाण्याच्या दिवशीच एक पिंप वेगळं भरून ठेवलं. ते लिहून दिलं नव्हतं, आईला आठवलं. पुढच्या कागदात "भिजवायला पाणी किती आणि कुठून" ही ओळ हवी.

जागा ३ चं माप थोडं चुकलं. ठोकल्यावर पोकळ आवाज पाच बाय तीन फुटांपर्यंत आला. मिस्त्रींनी "साधारण" हा शब्द धरून विचारल्याशिवाय तेवढं काढलं, आणि ते योग्यच होतं.

२४ एप्रिल

पाण्याचा दिवस. आईने मुद्दाम मोटार जास्त चालू ठेवली. पाणी परसातल्या मोरीत पडलं, कठड्यापाशी एक थेंब नाही. नवीन प्लास्टर अजून ओलंच असल्याने भिंतीवरून काही कळणार नव्हतं, म्हणून बाजूच्या जुन्या प्लास्टरवर खडूची रेघ मारली.

२९ एप्रिल

पुन्हा पाणी आलं. रेघेच्या बाहेर काही सरकलं नाही.

४ मे

तिसरा पाण्याचा दिवस, डाग तिथेच. जुन्या डागाचा रंग फिका होत चाललाय.

खर्च : फुकट गेलेला दिवस १,५००, पाइप आणि सांधे ६४०, प्लंबर ७००, सिमेंट-वाळू-कंपाउंड १,१५०, तीन दिवसांची मजुरी ४,५००. एकूण ८,४९०. माझा वेळ : पहिल्यांदा लिहायला चार तास, दुसऱ्यांदा ऐकून, विचारून, लिहून साडेपाच तास, आणि गच्चीवरची एक सकाळ.

भिंत आतून पूर्ण वाळेपर्यंत पुट्टी लावायची नाही, नाहीतर पुन्हा पोपडे सुटतील. मेअखेर भिंतीला हात लावून बघेन. जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला की वाटा बघून इथे पुढची नोंद टाकते.